पूर्वसंशोधनाचा आढावा कालक्रमाने नव्याने कसा मांडावा: जात आणि अंतर्विवाह या विषयाच्या उदाहरणासह

पीएच.डी.च्या प्रबंधातले दुसरे प्रकरण बहुतेकदा विषयवार लिहिलेले असते. ‘जातीची व्याख्या’, ‘जात आणि विवाह’, ‘जात आणि स्त्री’ अशी उपशीर्षके असतात आणि प्रत्येकाखाली पाच-सात अभ्यासकांची मते. मग मार्गदर्शक किंवा परीक्षक शेरा मारतात: ‘विचार कसा घडत गेला ते दिसत नाही, कालक्रमाने मांडा.’ या शेऱ्यावर पहिली प्रतिक्रिया म्हणजे परिच्छेद वर्षांप्रमाणे खालीवर करणे. त्यातून प्रकरण कालक्रमी होत नाही, फक्त तारखांची यादी होते. नंतरच्या अभ्यासकाने आधीच्यातले काय घेतले, काय नाकारले, कोणता प्रश्न सोडून दिला, हे वाक्यावाक्यातून दिसले तरच तो कालक्रम. त्यासाठी जुने प्रकरण सुटे करून पुन्हा जोडावे लागते.

इथे एकच छोटा विषय उदाहरणाला घेतला आहे: जातीच्या समाजशास्त्रीय अभ्यासात अंतर्विवाहाला, म्हणजे जातीतच लग्न करण्याच्या नियमाला, मिळालेले स्थान. १९०९ ते २०१३ या काळात ते बरेच हलले आहे आणि त्यातली काही महत्त्वाची वळणे मराठी माणसांनी घडवली आहेत.

आधी पाहा, विषय कालक्रम मागतो का

प्रत्येक आढावा कालक्रमाने मांडण्यासारखा नसतो. तुमच्याकडचे तीस अभ्यास गेल्या आठ-दहा वर्षांतले असतील आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने, एकाच प्रकारची प्रश्नावली घेऊन काम केले असेल, तर त्यांना वर्षांच्या क्रमाने लावून काही हाती लागत नाही. तिथे पद्धतीनुसार किंवा निष्कर्षांनुसार केलेले गट बरे. विषय कालक्रमाचा आहे का, हे ओळखण्याची साधी कसोटी अशी: ‘अमुक ग्रंथ आल्यावरच तमुक प्रश्न विचारता आला’ असे वाक्य निदान चार-पाच ठिकाणी, पुराव्यानिशी, लिहिता येते का? येत असेल तर पुढे जा. एक-दोन ठिकाणीच येत असेल, तर प्रकरण विषयवारच ठेवा आणि सुरुवातीला दोन पानांचा ऐतिहासिक भाग जोडा. शेऱ्याचे तेवढ्यानेही समाधान होते.

जुने प्रकरण उसवणे

छापील प्रत घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या. मग एक तक्ता करा. त्यात एका ग्रंथाला एक ओळ देऊ नका, एका उल्लेखाला एक ओळ द्या. विषयवार प्रकरणात एकच ग्रंथ तीन ठिकाणी तीन कारणांनी आलेला असतो. ग्रंथाला एकच ओळ दिली की त्यातली दोन कारणे हरवतात आणि नव्या प्रकरणात तो ग्रंथ अर्धाच पोचतो.

तक्त्यात हे स्तंभ पुरेत: परिच्छेद क्रमांक, लेखक, मूळ वर्ष, हातातल्या आवृत्तीचे वर्ष, लेखकाचा प्रश्न, त्याचे उत्तर, पुरावा कसला (धर्मग्रंथ, जनगणना, गावातले क्षेत्रकार्य, मुलाखती, आत्मकथने) आणि तो कोणाला उत्तर देतो आहे. शेवटचा स्तंभ भरायला सर्वांत वेळ लागतो, आणि तो रिकामा असताना लिहायला बसलात तर यादीच हाती येते. ‘प्रश्न’ हा स्तंभही प्रश्नचिन्हासकट भरा. ‘जातीचे स्वरूप’ असे लिहिले तर पुढे काहीच कळणार नाही. ‘जात बंदिस्त कशाने राहते?’ असे लिहिले तर दोन लेखक एकाच प्रश्नावर भांडत आहेत की वेगवेगळ्या, ते समजते.

एक तांत्रिक बाब. वर्षांच्या स्तंभात काही ठिकाणी 1917 आणि काही ठिकाणी १९१७ असे अंक मिसळले तर क्रम लावताना ते वेगवेगळ्या गटांत पडू शकतात. संपूर्ण स्तंभात एकाच लिपीतले अंक वापरा. ‘१९१६-१७’ असा पल्लाही तिथे नको, एकच वर्ष घाला आणि बाकीचे टिपेत लिहा.

कोणते वर्ष धरायचे

बहुतेक कालक्रम इथे चुकतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे छापलेले वर्ष हे विचाराचे वर्ष असेलच असे नाही.

डॉ. आंबेडकरांचा भारतातील जातींवरचा निबंध पाहा. तो त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला. आज बहुतेक विद्यार्थी तो वाचतात महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात. त्यामुळे प्रबंधात संदर्भ येतो ‘(आंबेडकर १९७९)’. वर्षांप्रमाणे क्रम लावला की हा निबंध घुर्ये, श्रीनिवास आणि द्युमाँ यांच्या मागे जाऊन बसतो. जो माणूस १९१६ मध्ये पंचवीस वर्षांचा होता, तो कागदावर या सगळ्यांचा वारसदार ठरतो. सगळे प्रकरण उलटे होते, आणि संदर्भसूची बिनचूक असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

द्युमाँ यांच्या जातिश्रेणीवरील ग्रंथाचेही तसेच. तो फ्रेंचमध्ये १९६६ साली आला आणि इंग्रजीत १९७०मध्ये. विचाराचे वर्ष १९६६. पण इंग्रजीत काम करणाऱ्या भारतीय समाजशास्त्रज्ञांमधला मोठा वाद प्रामुख्याने इंग्रजी आवृत्तीनंतरचा आहे. वादाबद्दल लिहिताना १९७० हे वर्षच महत्त्वाचे.

म्हणून नियम असा ठेवा. कल्पना मांडली केव्हा, याबद्दल लिहिताना प्रथम वाचन किंवा प्रथम प्रकाशनाचे वर्ष. कल्पनेवर चर्चा केव्हा झाली, याबद्दल लिहिताना ती त्या वाचकवर्गापर्यंत पोचली ते वर्ष. संदर्भात दोन्ही द्या: (आंबेडकर १९१७/१९७९). संदर्भ सांभाळायला झोटेरो ही संगणकप्रणाली वापरत असाल तर त्या नोंदीच्या `Extra` रकान्यात ही ओळ लिहा. जी संदर्भशैली मूळ वर्ष दाखवते, तिच्यात दोन्ही वर्षे आपोआप येतात:

```
Original Date: 1917
```

धागा शोधणे: कोण कोणाशी बोलतो आहे

आता तक्त्याचा शेवटचा स्तंभ. तो आठवणीवर भरू नका. प्रत्येक महत्त्वाच्या ग्रंथाची प्रस्तावना, पहिले प्रकरण, तळटीपा आणि संदर्भसूची उघडून आधीच्या अभ्यासकांची नावे शोधा. एका ग्रंथाला अर्धा तास लागतो. वीस ग्रंथ असतील तर दोन-तीन दिवसांचे काम. ते टाळू नका, कारण पुढच्या लेखनातल्या प्रत्येक जोडवाक्याचा आधार इथेच तयार होतो.

संबंध तीन प्रकारचे निघतात. पहिला, उघड उत्तर. आंबेडकर आपल्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासतात. इथे ‘केतकरांच्या व्याख्येची छाननी करून आंबेडकरांनी…’ असे निःशंक लिहा. दुसरा, एकाच प्रश्नावर दोघे काम करतात पण एकमेकांचे नाव घेत नाहीत. तिथे ‘याच प्रश्नाला वेगळे उत्तर’ एवढेच म्हणता येते. तिसरा, दोघांत साम्य दिसते, पण नंतरच्याला आधीचा माहीत होता याचा काहीच पुरावा नाही. तिथे ‘स्वतंत्रपणे’ किंवा ‘नकळत’ हे शब्द हवेत.

मराठीत लिहिताना ‘त्यामुळे’, ‘यातूनच’, ‘पुढे याचाच विस्तार’ हे शब्द फार सहज उमटतात. कच्चा मसुदा झाल्यावर हे तीनही शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे विचारा: नंतरच्या लेखकाने हे स्वतः कोणत्या पानावर म्हटले आहे? पान सापडत नसेल तर शब्द बदला. ‘त्यामुळे’च्या जागी ‘त्यानंतर’ आले तर वाक्य फिकट होईल, पण मौखिक परीक्षेत कोणी खोडून काढू शकणार नाही.

कालखंड कुठे तोडायचे

दशकांवर तोडू नका. ‘१९५०चे दशक’, ‘१९६०चे दशक’ अशी शीर्षके दिली की प्रत्येक खान्यात भरायला काहीतरी शोधावे लागते. कालखंड तिथे तोडा, जिथे तक्त्यातले दोन स्तंभ एकदम बदलतात: प्रश्न आणि पुरावा. केवळ उत्तर बदलले तर तो त्याच कालखंडातला वाद समजा.

आपल्या उदाहरणात ते असे दिसते. पहिल्या टप्प्यात प्रश्न आहे ‘जात म्हणजे नेमके काय?’ आणि पुरावा आहे धर्मग्रंथ, वसाहतकालीन जनगणना अहवाल आणि तर्क. केतकरांचा कॉर्नेल विद्यापीठातला प्रबंध १९०९ साली ग्रंथरूपाने आला, आंबेडकरांचा निबंध १९१६-१७चा आणि घुर्ये यांचा जात व वंश यांवरचा ग्रंथ १९३२चा. तिघांची उत्तरे वेगळी, प्रश्न एकच. हा एक कालखंड.

दुसऱ्या टप्प्यात अभ्यासक गावात राहायला जातो. श्रीनिवास यांचा कूर्गवरचा ग्रंथ १९५२चा. प्रश्न होतो ‘जात प्रत्यक्षात कशी वागते, वर-खाली कशी सरकते?’ आणि पुरावा होतो क्षेत्रकार्याचा. १९५३ साली आलेला इरावती कर्वे यांचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ इथेच बसतो, पण थोडा कडेला. त्यांच्या दृष्टीने जात हा विस्तारलेला नातेगट, म्हणून विवाह त्यांच्या मांडणीतून कधी निसटत नाही. अशा कडेच्या कामाला जबरदस्तीने मुख्य प्रवाहात ओढू नका. त्याच कालखंडात एक वेगळा परिच्छेद द्या आणि वेगळेपण उघड सांगा. द्युमाँ याच टप्प्याच्या शेवटी येतात. त्यांच्या मते अंतर्विवाह हे मूळ तत्त्व नव्हे, ती उच्चनीचतेतून निघणारी बाब आहे. आंबेडकरांच्या मांडणीच्या हे थेट उलटे टोक आहे, पण दोघांना आमनेसामने उभे करताना ‘द्युमाँ यांनी आंबेडकरांना उत्तर दिले’ असे मात्र लिहू नका.

तिसऱ्या टप्प्यात प्रश्न पुन्हा बदलतो: ‘जात टिकवण्याची किंमत कोण मोजते?’ उमा चक्रवर्ती यांचा ब्राह्मणी पितृसत्तेवरचा लेख १९९३चा, गोपाळ गुरू यांचा दलित स्त्रियांच्या वेगळ्या आवाजावरचा लेख १९९५चा आणि त्याचेच शीर्षक पुढे घेऊन शर्मिला रेगे यांनी लिहिलेला लेख १९९८चा. तिन्ही ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधले. पुरावाही बदलला. चक्रवर्ती प्राचीन ग्रंथांकडे परत जातात, पण ते स्त्रियांवरच्या नियंत्रणाचा दस्तऐवज म्हणून वाचतात. गुरू आणि रेगे यांच्यापुढे दलित स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे आणि त्यांची संघटना आहे.

आता १९७० ते १९९३ या काळात तक्ता रिकामा दिसेल. रिकामी जागा दिसली की थांबा. ती क्षेत्रातली आहे की तुमच्या वाचनातली? इथे ती बरीचशी वाचनातली आहे. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल १९७४चा आणि सत्यशोधक चळवळीवरचे गेल ऑम्वेट यांचे काम १९७६चे. ‘जात’ आणि ‘विवाह’ एवढेच शब्द घालून शोध घेतला तर ही दोन्ही निसटतात, कारण त्यांच्या शीर्षकांत ते शब्द नाहीत. पोकळी दिसली की पुढच्या टप्प्यातल्या लेखांच्या संदर्भसूचीत मागे जाऊन शोधा. तरीही काही मिळाले नाही, तरच ‘या काळात या प्रश्नाकडे लक्ष गेले नाही’ असे लिहा.

एकच ग्रंथ दोनदा आला तर

काही कामे लिहिली जातात एका काळात आणि वाचली जातात दुसऱ्या. आंबेडकरांचा निबंध हे त्याचे ठळक उदाहरण. विद्यापीठीय समाजशास्त्राच्या मुख्य प्रवाहात त्याला दीर्घकाळ योग्य जागा मिळाली नाही. १९७९च्या खंडामुळे तो सहज हाती येऊ लागला आणि २०१३ साली रेगे यांनी आंबेडकरांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखनाचे जे संपादन केले, त्यात तो जात आणि स्त्रीप्रश्न यांच्या मधोमध आला.

अशा ग्रंथाला दोन जागा द्या. पहिल्या टप्प्यात त्याचा युक्तिवाद पूर्ण सांगा. शेवटच्या टप्प्यात युक्तिवाद पुन्हा सांगू नका, तो नव्याने का वाचला गेला तेवढे लिहा. एकच जागा दिली तर दोनपैकी एक खोटे ठरते. फक्त १९१७मध्ये ठेवला तर वाटते की पुढच्या सगळ्यांनी तो वाचला होता, आणि फक्त २०१३मध्ये ठेवला तर वाटते की ही कल्पनाच नवी आहे. विद्यापीठाबाहेरच्या लेखनालाही हेच लागू. फुल्यांचे १८७३चे ‘गुलामगिरी’ तुमच्या आढाव्यात असेल, तर ते केतकरांच्या आधीची पायरी म्हणून दाखवू नका. तो वेगळा प्रवाह आहे. मुख्य प्रवाहाने त्याची दखल केव्हा घेतली, ती जोडणी वेगळी दाखवा.

लिहिणे

विषयवार प्रकरणातला नेहमीचा परिच्छेद असा असतो:

‘अंतर्विवाह हे जातीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे (केतकर १९०९, घुर्ये १९३२, द्युमाँ १९७०, आंबेडकर १९७९). अंतर्विवाहामुळे स्त्रियांवर बंधने येतात, असे अनेक अभ्यासकांनी नमूद केले आहे (चक्रवर्ती १९९३, रेगे १९९८).’

वाक्य चुकीचे नाही, पण चार माणसे एका कंसात बसवल्यामुळे ती एकच गोष्ट सांगतात असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यात कडाक्याचा मतभेद आहे. तोच मजकूर उलगडून असा लिहिता येतो:

‘केतकरांच्या व्याख्येत (१९०९) दोन अटी होत्या: जातीचे सभासदत्व जन्माने आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकरांनी (१९१७/१९७९) दाखवले की या दोन अटी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेरचे लग्न बंद केले की सभासदत्व आपोआप जन्मावर येते. त्यांनी दुसरी अट मूळ मानली आणि त्यापुढचा प्रश्न विचारला: गटाला आपली बंदिस्ती टिकवायची तर काय करावे लागते? गटातला एक जोडीदार आधी मेला की दुसरा “अतिरिक्त” ठरतो, आणि तो गटाबाहेर लग्न करण्याचा धोका उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा अर्थ त्यांनी या हिशोबातून लावला. घुर्ये यांच्या सहा लक्षणांत (१९३२) विवाहावरील बंधने हे एक लक्षण म्हणून उरले. द्युमाँ यांनी (१९६६) तर अंतर्विवाहाला उच्चनीचतेचा परिणाम मानले. विवाहबंधन आणि स्त्री यांचा जो सांधा आंबेडकरांनी दाखवला होता, तो चक्रवर्तींच्या लेखात (१९९३) पुन्हा प्रश्नाच्या केंद्रस्थानी दिसतो.’

इथे वर्षे कंसात आहेत आणि वाक्ये प्रश्नांनी जोडली आहेत. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘१९०९ साली…’, ‘१९३२ साली…’ अशी झाली तर वाचक तारखा मोजू लागतो. शेवटच्या वाक्यात ‘पुन्हा दिसतो’ असे मुद्दाम म्हटले आहे. ‘आंबेडकरांमुळे’ लिहायचे असेल तर तो दुवा लेखातून काढून दाखवावा लागेल.

काळ सांभाळा. विषयवार मांडणीत ‘केतकर म्हणतात’ चालते. कालक्रमात तीन लेखक वर्तमानकाळात बोलू लागले की कोण आधी ते कळेनासे होते. मांडणी भूतकाळात ठेवा (‘मांडले’, ‘नाकारले’) आणि आजही टिकून असलेल्या गोष्टीपुरताच वर्तमानकाळ वापरा.

जागा सारखी वाटू नका. वळण घडवणाऱ्या कामाला एक ते दीड पान, वादात भर घालणाऱ्याला एक परिच्छेद आणि त्याच मताला दुजोरा देणाऱ्या पाच-सहा कामांना मिळून एक वाक्य. विषयवार प्रकरणात सगळ्यांना साधारण सारखी जागा मिळालेली असते. त्यामुळे हे छाटणे जिवावर येते, पण ते न केल्यास पुनर्रचित प्रकरण जुन्यापेक्षा दीडपट लांबते.

तपासणी

मसुदा झाल्यावर त्याची एक प्रत घ्या आणि सगळी वर्षे काळ्या शाईने खोडा. मग एका टप्प्यातल्या दोन परिच्छेदांची अदलाबदल करून वाचा. मजकूर तितकाच नीट वाचता आला तर ती यादी आहे, जोडवाक्ये अजून आलेली नाहीत. बहुधा हे दुसऱ्या टप्प्यात घडते, कारण तिथे ग्रंथ जास्त आणि आपापसातला वाद कमी असतो.

दुसरी खूण भाषेत सापडते. ‘त्या काळी अजून हे लक्षात आले नव्हते’, ‘अखेर रेगे यांनी योग्य दृष्टिकोन दिला’ अशी वाक्ये शोधा. ती आली की सगळा इतिहास आजच्या मताकडे चालत येतो आहे असे दिसू लागते आणि जुने अभ्यासक मूर्ख ठरतात. त्यांच्यापुढचा प्रश्न काय होता ते लिहा, वाक्य आपोआप सुधारते. खालच्या जाती वरच्या जातींचे आचार उचलतात त्याला श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटले, आणि त्यामुळे स्त्रियांवरची बंधने कडक होतात हे नोंदवले होते. त्यांच्यापुढचा प्रश्न जातीच्या वर सरकण्याचा होता, म्हणून ती नोंद त्यांच्या मांडणीत कडेला राहिली. असे लिहिले की त्यांचे श्रेयही राहते आणि मर्यादाही दिसते.

विषयवार धागे मोडल्याने परीक्षकाला ‘पद्धतींबद्दल काय वाचले?’ असे विचारावेसे वाटते. त्यासाठी प्रकरणाच्या शेवटी अर्ध्या पानाचा तक्ता द्या: आडवे टप्पे, उभे प्रश्न, पुरावा, विवाहाचे स्थान. जुने विषय त्यात सुखरूप राहतात.

प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद शेवटच्या टप्प्यातल्या अनुत्तरित प्रश्नावर यायला हवा, कारण तुमचा संशोधनप्रश्न तिथूनच निघतो. तुमचे क्षेत्रकार्य दोन जिल्ह्यांतल्या जातनिहाय वधू-वर सूचक मंडळांवर असेल, तर आंबेडकरांचा १९१६चा प्रश्न नव्या पुराव्यापुढे ठेवून तो परिच्छेद लिहा: नोंदणी अर्जात पोटजात, घटस्फोट आणि वैधव्य यांचे रकाने आज कसे भरून घेतले जातात, आणि त्यांत वर व वधू यांच्यासाठी कोणता फरक केला जातो?